देवघराचे चित्र आणि पूर्वेचे ऊन

नव्या सदनिकेचा ताबा मिळण्याआधीच तिच्या अंतर्भागाची चित्रे पाहण्याची सोय आता सर्वपरिचित झाली आहे. गृहसजावटकार संगणकावर खोली उभारतो, तिला रंग देतो, सामान मांडतो आणि छायाचित्र वाटावे असे चित्र आपल्या हाती ठेवतो. ओटा, दिवाणखाना, मुलांची खोली यांची चित्रे बहुधा ठीक असतात. देवघराच्या चित्रात मात्र काहीतरी खटकते. सागवानी महिरप असते, दोन बाजूंना झळझळीत समया असतात, खिडकीतून सोनेरी किरणांचा झोत येऊन थेट मूर्तीच्या मुखावर पडलेला असतो. चित्र सुंदर असते, पण घरातील ज्येष्ठ मंडळी क्षणभर पाहून म्हणतात, ''हे आपलं देवघर नव्हे.'' का, ते त्यांना नेमके सांगता येत नाही. कारण शोधू गेल्यास ते बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडते. चित्र काढणाऱ्याने दिशा ठरवलेल्या नसतात.

एक उदाहरण घेऊन पाहू. पुण्यातील तिसऱ्या मजल्यावरची एक सदनिका आहे असे समजा. दिवाणखाना पूर्व-पश्चिम १२ फूट आणि दक्षिणोत्तर १६ फूट. ईशान्य कोपऱ्यात, पूर्वेच्या भिंतीला पाठ लावून, गावच्या वाड्यातून आणलेला अडीच फूट रुंदीचा सागवानी देव्हारा बसवायचा आहे. म्हणजे देवांची मुखे पश्चिमेकडे आणि पूजा करणारा पूर्वाभिमुख. त्याच पूर्वेच्या भिंतीत, देव्हाऱ्याच्या दक्षिणेला तीन फुटांवर, चार फूट रुंदीची खिडकी आहे. तिची तळकड जमिनीपासून तीन फुटांवर आणि माथा सात फुटांवर. ही मांडणी शहरात सर्रास आढळते.

आता सकाळचे ऊन. खिडकी पूर्वेला आहे आणि देव्हाराही पूर्वेच्याच भिंतीला टेकलेला आहे. त्यामुळे खिडकीतून आत येणारे ऊन देवांच्या पाठीकडून येते आणि समोर निघून जाते. ते देवांच्या मुखावर कोणत्याही ऋतूत, कोणत्याही वेळी पडू शकत नाही. पडते ते पूजेला बसलेल्याच्या बाजूला. ज्या चित्रात या मांडणीतही मूर्तीवर किरणांचा झोत दिसतो, त्यात चित्रकाराने सूर्य पश्चिमेला उगवलेला असतो किंवा चित्राबाहेर एक खोटा दिवा टांगलेला असतो. पूर्वाभिमुख बसून पूजा करणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हे शब्दांत मांडता आले नाही तरी डोळ्यांना जाणवते. लहानपणापासून त्याने देवांना सावलीत आणि आजोबांच्या चेहऱ्याला उन्हात पाहिलेले असते.

देवांना पूर्वाभिमुख ठेवण्याचीही पद्धत अनेक घरांत आहे, आणि तेथे खिडकी समोर असेल तर ऊन खरोखर मूर्तीपर्यंत पोहोचते. पण तेही वर्षभर नव्हे. कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिरातील किरणोत्सव हे याचे प्रसिद्ध उदाहरण. मंदिर पश्चिमाभिमुख असल्याने तेथे मावळतीची किरणे आत येतात, आणि ती देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि पुन्हा जानेवारी अखेर व फेब्रुवारीच्या आरंभी. या दोन तारखांमध्ये पावणेतीन महिन्यांचे अंतर असले तरी दोन्ही वेळी सूर्य दक्षिणेकडे जवळपास सारखाच सरकलेला असतो, एकदा जाताना आणि एकदा परतताना. वाटेत नवी बांधकामे आडवी आली की किरणे अडतात, हेही तेथे अनुभवास आले आहे. सदनिकेचे गणित याहून वेगळे नाही.

आपल्या उदाहरणातील ऊन मग जाते कोठे? चित्र बनवणाऱ्या बहुतेक प्रणालींमध्ये स्थळ, तारीख आणि वेळ भरली की सूर्य आपोआप योग्य जागी येतो. पुणे, २१ मार्च, सकाळचे साडेसात असे भरल्यास सूर्य क्षितिजापासून सुमारे ११ अंश वर आणि नेमक्या पूर्वेपासून जेमतेम ४ अंश दक्षिणेकडे असतो. इतके तिरपे ऊन दर दहा फुटांमागे सुमारे दोन फूट खाली उतरते. तेव्हा ते बारा फूट रुंद खोली ओलांडून समोरच्या पश्चिमेच्या भिंतीवर, जमिनीपासून अर्ध्या फुटापासून साडेचार फुटांपर्यंत, चार फूट रुंदीचा उजळ पट्टा उमटवते. २१ डिसेंबरला त्याच वेळी सूर्य फक्त ५ अंश वर आणि पूर्वेपासून जवळजवळ २७ अंश दक्षिणेकडे असतो. त्यामुळे तोच पट्टा भिंतीवर सहा फूट उत्तरेकडे सरकतो आणि बरोबर देव्हाऱ्याच्या समोर येतो. जूनमध्ये तो उलट दक्षिणेकडे सरकतो, अर्थात पावसाळी ढगांतून दिसला तर.

येथे दोन चुका फार होतात. खोलीचा आराखडा कागदावर सोयीचा वाटेल तसा आडवा-उभा ठेवलेला असतो आणि प्रणाली मात्र कागदाची वरची बाजू उत्तर समजून चालते. आराखडा खऱ्या उत्तरेकडे फिरवण्याचे राहून जाते. दुसरी चूक घड्याळाची. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. हा अर्धा तास भरायचा राहिला तर सूर्य सात अंशांहून अधिक चुकतो, आणि डिसेंबरच्या सकाळी एवढी चूक म्हणजे उन्हाचा पट्टा असणे आणि नसणे यांतील फरक. शिवाय समोरची इमारत चित्रात उभी करावी लागते. ती शंभर फुटांवर असून आपल्या खिडकीपेक्षा वीस-बावीस फूट उंच असेल, तर मार्चचे साडेसातचे ऊन ती पूर्णपणे अडवते. सजावटकाराच्या चित्रात खिडकीबाहेर बहुधा निळे आकाश आणि दूरच्या टेकड्या असतात. त्याने समोरची इमारत पाहिलेलीच नसते.

देवांची मुखे सावलीत असतील तर सकाळी देव्हारा उजळतो कशाने? समोरच्या भिंतीने. उन्हाचा तो पट्टा ज्या भिंतीवर पडतो, ती भिंत स्वतः एखाद्या मोठ्या, मंद दिव्यासारखी उजळते आणि तिचा परावर्तित प्रकाश देवांच्या मुखांवर येतो. 'कोवळे ऊन' हा आपला शब्द रंगाला आणि उबेला लागू आहे. सावल्यांच्या बाबतीत सकाळचे ऊनही दुपारइतकेच धारदार असते. मऊ प्रकाश लागतो तो मोठ्या पृष्ठभागावरून आलेला, म्हणजे पातळ पडद्यातून गाळलेला किंवा भिंतीवरून उलटलेला. चित्रात मऊपणा आणण्यासाठी अनेक जण सगळ्या चित्रावर धुके पसरवतात किंवा उजेडाच्या कडा पुसट करतात. त्यापेक्षा समोरची भिंत नीट रंगवावी, म्हणजे मऊपणा आपोआप येतो.

आणि नेमका येथे चित्राचा खरा उपयोग आहे. या घरात पश्चिमेच्या भिंतीवर दूरचित्रवाणी संच आणि त्यामागे गडद अक्रोडी रंगाची पूर्ण लांबीची लाकडी पॅनेल बसवायची ठरली आहे असे समजा. पांढरट भिंत आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी बराच मोठा भाग परत फेकते. गडद अक्रोडी पॅनेल त्यातील बहुतेक गिळून टाकते. दोन्ही पर्याय एकाच तारखेला, एकाच वेळी, कॅमेऱ्याचे कोणतेही मोजमाप न बदलता चित्रित करून शेजारी ठेवले, तर पहिल्यात देवांची मुखे दिसतात आणि दुसऱ्यात देव्हाऱ्याच्या आत काळोख दिसतो. भिंतीला फिकट निळा रंग दिला तर पितळेवर आणि चांदीच्या टाकांवर निळसर छटा येते. पॅनेल उत्तरेकडील सहा फूट मोकळे सोडून दक्षिणेकडे सरकवायचे की रंगच बदलायचा, हा निर्णय सुताराचे काम सुरू होण्यापूर्वी घेता येतो. मात्र अट अशी, की चित्रकाराने दुसऱ्या चित्रात 'अंधार फार झाला' म्हणून उजेड वाढवता कामा नये. प्रणाली बहुधा प्रत्येक चित्राचा उजेड आपोआप सावरते. ते सावरणे बंद करूनच तुलना करावी.

समईच्या ज्योतीचेही असेच. एका वातीचा उजेड साधारण एका मेणबत्तीइतका. पाच-पाच वाती लावलेल्या दोन समया दीड फुटावर असतील तर दहा ज्योती मिळून देवांवर जेमतेम पन्नास लक्स प्रकाश पडतो. (लक्स म्हणजे एखाद्या पृष्ठावर किती प्रकाश पडतो ते मोजण्याचे एकक.) समोरच्या उजळ भिंतीवरून परतणारा प्रकाश आपल्या उदाहरणात अदमासे शंभर-सव्वाशे लक्स भरतो. म्हणजे साडेसात वाजता समईचा प्रकाश दिसेल, पण पिवळसर छटेपुरता. रोजच्याप्रमाणे प्रत्येक समईत एकच वात लावली तर तोही जवळपास विरून जाईल. खिडकीत झगझगीत ऊन आणि गाभाऱ्यात समयांचा सोनेरी प्रकाश, हे दोन्ही एकाच चित्रात भरात दाखवणे म्हणजे दोन वेगवेगळ्या वेळा एकत्र शिवणे होय. समयांचा उजेड खरोखर पाहायचा असेल तर चित्राची वेळ सूर्योदयाच्या जरा आधीची ठेवावी. पुण्यात मार्चमध्ये ती सहा-सव्वासहाची येते. तेव्हा खोलीत आकाशाचा निळसर, अंधुक उजेड असतो आणि ज्योत आपले काम करताना दिसते.

कोरीव लाकडाला या सगळ्याचा फटका अधिक बसतो. कोरीवकाम दिसते ते त्याच्या सावल्यांमुळे, आणि सावल्या पडण्यासाठी उजेड बाजूने, तिरपा यावा लागतो. समोरच्या मोठ्या उजळ भिंतीकडून येणारा प्रकाश मुखांना शोभतो, पण महिरपीवरील वेलबुट्टी तो सपाट करून टाकतो. म्हणून पश्चिमाभिमुख देव्हाऱ्याच्या चित्रात महिरपीच्या प्रत्येक पानाखाली ठसठशीत सावली दिसली तर शंका घ्यावी. बहुधा दुसरीकडच्या एखाद्या कोरीव फळीचे छायाचित्र तेथे चिकटवलेले असते. त्या छायाचित्रातील सावल्या त्याच्याबरोबरच आलेल्या असतात. खोलीतील उजेड डावीकडून आणि पानांच्या सावल्याही डावीकडेच, असा विचित्र प्रकार मग घडतो. महिरपीची कड पाहिली की हे चटकन कळते. खऱ्या कोरीवकामाची कड खाचाखोचांची दिसते, चिकटवलेल्या चित्राची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. लाकडाच्या रेषाही पाहाव्यात. खांबात त्या उभ्या जातात आणि आडव्या पट्टीत आडव्या, कारण सुतार लाकूड तसेच कापतो. जोडावर रेषा तुटायला हव्यात. चित्रात त्या खांबावरून पट्टीवर अखंड वाहत गेल्या असतील, तर तो देव्हारा लाकडाचा नसून लाकडाचा कागद गुंडाळलेला खोका आहे.

खिडकीला लाकडी जाळी बसवून तिची नक्षी समोरच्या भिंतीवर उमटवण्याची हौसही हल्ली बरीच दिसते. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे सावलीची कड अंतरागणिक पसरते, बारा फुटांवर सव्वा इंचाहून थोडी अधिक. एक इंचाच्या छिद्रांची जाळी असेल तर तिची चौकोनी किंवा चांदणीच्या आकाराची नक्षी तेथवर पोहोचतच नाही. पोहोचतात ते गोलसर, पुसट ठिपके. झाडाखाली सावलीत पडलेले उन्हाचे गोल कवडसे आपण पाहिलेच आहेत, त्याचेच हे भावंड. चित्रात बारा फुटांवर कातरून ठेवल्यासारखी नक्षी दिसत असेल तर चित्रकाराने सूर्याचा आकार शून्य ठेवला आहे. असे चित्र पाहून जाळीवर खर्च केलेल्याची निराशा ठरलेलीच.

पितळेची गोष्ट वेगळी. धातूला लाकडासारखा स्वतःचा रंगीत पृष्ठभाग नसतो. तो समोरचे जग आपल्या पिवळसर छटेत परत दाखवतो. समई चित्रात प्लॅस्टिकची वाटते तेव्हा दोष बहुधा समईचा नसतो. कॅमेऱ्याच्या मागची खोली चित्रकाराने बांधलेलीच नसते, आणि समईपाशी दाखवायला काही उरत नाही. मागची भिंत, खिडकी, दार उभे केले की दांड्याच्या प्रत्येक गोलाईवर उजळ भिंतीची एक उभी रेघ येते आणि पितळ जिवंत होते. वापरातील समई सर्वत्र सारखी चमकतही नाही. चिंचेने घासलेला उंच भाग लखलखतो, कंगोऱ्यांत काळसरपणा साचून राहतो, वाटीच्या चोचींवर तेलाचा ओलसर थर आणि काजळीचा डाग असतो. चित्रांच्या तयार संग्रहांतून समई उचलताना ती कोठली, हेही पाहावे. केरळातील निलविळक्कूची पसरट गोल थाळी आणि आपल्या समईची पाच चोचींची वाटी वेगळी. समईत तेल आणि लांब वात, निरांजनात तूप आणि फुलवात. निरांजनातून लांब वात लोंबताना दाखवणारी चित्रे कमी नाहीत.

आता देवांकडे येऊ. महाराष्ट्रीय देव्हाऱ्यात रांगता बाळकृष्ण, हातात पळी घेतलेली अन्नपूर्णा, कुलदैवताचे चांदीचे टाक, बाण किंवा शिवलिंग असा परिवार असतो आणि त्यातील बहुतेक मूर्ती दोन-चार इंचांच्या असतात. तयार संग्रहात हे काही मिळत नाही, म्हणून चित्रकार दीड फुटी संगमरवरी मूर्ती बसवतो. मग देव्हाऱ्याची मापेच फसतात. दीड फुटी मूर्तीला शोभणारा कोनाडा तीन इंचांच्या बाळकृष्णाला विहिरीसारखा होतो. पूजा पाटावर बसून होणार असेल तर चित्रही बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, जमिनीपासून अडीच फुटांवरून काढावे. उभ्या माणसाच्या उंचीवरून काढलेल्या चित्रात देव नेहमी खाली दिसतात आणि चौरंगाची उंची चुकीची ठरते.

सर्वांत गंभीर चूक मात्र एका आज्ञेने घडते. आपल्या इमारतींत एकाच मजल्यावरील दोन सदनिका पुष्कळदा एकमेकींची आरशातील प्रतिमा असतात. एका सदनिकेचे चित्र तयार असेल तर चित्रकार ते आरशाप्रमाणे उलटवतो आणि शेजारच्यांना देतो. ओट्याचे, पलंगाचे त्यात काही बिघडत नाही. देव्हाऱ्यात मात्र डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होतो. प्रभादेवीचा सिद्धिविनायक उजव्या सोंडेचा आहे आणि अशा गणपतीचे सोवळे कडक मानले जाते, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही किरकोळ चूक वाटणार नाही. नेहमीचा शंख दुर्मीळ दक्षिणावर्ती होऊन बसतो. चतुर्भुज विष्णूच्या शंख, चक्र, गदा, पद्म यांचे हात बदलतात, आणि केशव, नारायण, माधव आदी चोवीस रूपे याच क्रमावरून ओळखली जात असल्याने देवाचे नावच बदलते. शिवलिंगाच्या शाळुंकेचा निमुळता भाग उत्तरेकडे ठेवण्याची रीत आहे. आपल्या उदाहरणात पूजकाच्या डावीकडे उत्तर येते, म्हणजे चित्रातही तो भाग डावीकडेच हवा. उलटवलेल्या चित्रात तो उजवीकडे जातो. चित्र उलटवले आहे की नाही, हे ओळखायला घड्याळ किंवा दिनदर्शिका उपयोगी पडत नाही, कारण ती चित्रकार आधी दुरुस्त करतो. सोंड आणि शंख त्याच्या लक्षात येत नाहीत.

यावर उपाय म्हणून काही अनुभवी चित्रकार खोली उलटवतात, पण देव्हाऱ्यातील परिवार वेगळा ठेवून तो पुन्हा नव्याने मांडतात. मला त्याहून बरी वाटते ती दुसरी पद्धत. घरच्या देवांची छायाचित्रे, त्यांची मापे आणि मांडणीचा एक साधा कागदी आराखडा आधी मागून घ्यावा. मधला देव कोणता त्यावरून पंचायतनाची मांडणी बदलते, आणि ती घरच्यांनीच सांगायची असते. एवढे मिळाले नाही, तर कोनाडा रिकामा ठेवून त्यात केवळ वस्त्र अंथरलेले दाखवावे. भलत्याच मूर्तीपेक्षा रिकामा कोनाडा घरच्यांना कमी खटकतो, आणि मापे तपासायला तोच अधिक उपयोगी पडतो.

शेवटी ज्योतीच्या वरचे लाकूड. चित्रातील ज्योत तापत नाही आणि काजळी धरत नाही, म्हणून समया खुशाल महिरपीच्या आत, छताखाली वीतभर अंतरावर उभ्या केलेल्या दिसतात. प्रत्यक्षात त्या जागी काही महिन्यांत काळा ओघळ उमटतो आणि वार्निश फुगू लागते, आणि जुन्या, सुकलेल्या सागवानाच्या बाबतीत धोका त्याहून मोठा असतो. वाड्यातील देव्हाऱ्यांपुढे समया बाहेर, जमिनीवर उभ्या असत, आणि आत फार तर निरांजन. चित्र हाती आले की ज्योतीपासून सरळ वर बोट न्यावे. वाटेत लाकूड लागत असेल तर समई फूटभर पुढे घेऊन चित्र पुन्हा मागवावे.